तेल लावलेला पैलवान आणि मूठभर माती

«मॅडम, मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐरोलीला राहते, कॉलेज ठाण्याला. इनेट आणि अडॅप्टिव्ह इम्युनिटीतले बारा फरक तक्त्यासकट पाठ केले होते. इंटर्नलला प्रश्न आला, ‘न्यूमोकोकल न्यूमोनियाच्या रुग्णात पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी काय घडते?’ मी तक्ताच लिहिला. दहापैकी अडीच मिळाले. युनिव्हर्सिटीच्या पेपरला अकरा दिवस आहेत. ट्रेनमध्ये वाचता येतील अशा छोट्या नोट्स द्याल का? खरं सांगायचं तर दोन्हींत नेमकं काय वेगळं, हे मला अजून कळलेलंच नाही. — स., ऐरोली»

स.,

तक्ता फाडू नकोस, वहीच्या मागच्या पानावर ढकल. मीही कित्येक वर्षं तोच फळ्यावर लिहून दिला आहे. डावीकडे इनेट, म्हणजे जन्मजात, उजवीकडे अडॅप्टिव्ह, म्हणजे जंतू भेटल्यावर घडणारी, आणि मधे रेघ. ती रेघच घोळ घालते. वाचणाऱ्याला वाटतं, आधी एक टोळी लढते, ती हरली की दुसरी येते. तसं होत नाही. न्यूमोकोकसच्या बाबतीत जंतूला खाऊन संपवणारी पेशी सातव्या दिवशीही तीच असते, जी पहिल्या दिवशी धावत आली होती. फरक इतकाच की पहिल्या दिवशी जंतू तिच्या हाती लागत नाही आणि सातव्या दिवशी लागतो. मधल्या पाच दिवसांत अडॅप्टिव्ह इम्युनिटीने काय केलं, तेवढं तुला सांगता आलं पाहिजे.

म्हणून तक्त्याऐवजी घड्याळ घेऊ. रुग्ण मी बेतते: रबाळ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारे साठीचे एक काका. रोज अर्धं पाकीट सिगारेट, आणि गेला आठवडा फ्लूने आडवे. अँटिबायोटिक कुणी दिलेलंच नाही असं सध्या समजायचं. पेनिसिलिन यायच्या आधीच्या काळात हा आजार आपल्या गतीने जायचा, आणि शरीर एकटं काय करतं ते तिथेच स्वच्छ दिसतं.

आधी जंतू बघ

काकांच्या थुंकीचा ग्रॅम स्टेन ऑइल इमर्शनखाली लाव. गुलाबी रंगात न्यूट्रोफिल दिसतील, केंद्रक तीन-चार पाकळ्यांत तुटल्यासारखं. त्यांच्या मधेमधे जांभळ्या जोड्या. प्रत्येक दाणा गोल नाही, बाहेरच्या टोकाला किंचित निमुळता, भाल्याच्या पात्यासारखा. आणि जोडीभोवती एक रिकामी, रंग न चढलेली कड. मुलं ती कड म्हणजे स्टेनिंगमधली चूक समजतात. ती बऱ्याचदा कॅप्सूल असते आणि या आजाराची सगळी गोष्ट त्या रिकाम्या जागेत आहे.

कॅप्सूल म्हणजे पॉलिसॅकराइडचं, साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण. न्यूमोकोकसचे सुमारे १०० सिरोटाइप आहेत आणि प्रत्येकाच्या कॅप्सूलची साखर थोडी वेगळी.

तू बारावीला ग्रिफिथचा १९२८ चा उंदरांचा प्रयोग वाचला आहेस. एस जंतू टोचला की उंदीर मरतो, आर टोचला की जगतो. तेव्हा तो डीएनएच्या धड्यात होता, त्यामुळे एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही: आर टोचलेला उंदीर जगला कसा? तो जंतूही न्यूमोकोकसच, तोही जिवंत होता. त्याला कॅप्सूल नव्हती, म्हणून उंदराच्या न्यूट्रोफिल-मॅक्रोफेजनी तो अँटिबॉडीची वाट न पाहता फस्त केला. एसला कॅप्सूल होती, तो हाती लागला नाही. म्हणजे इनेट इम्युनिटी कुठपर्यंत पुरते आणि कुठे अडते, हे तू बारावीतच पाठ केलं होतंस, वेगळ्या नावाखाली.

पहिले काही तास

हा जंतू नाकाच्या मागच्या भागात, विशेषतः लहान मुलांच्या, काही त्रास न देता राहतो. काकांना तो नातवाकडून आला असेल. झोपेत लाळेचा सूक्ष्म थेंब श्वासनलिकेत उतरतो. हे आपल्या सगळ्यांचंच होतं, पण नलिकेच्या अस्तरावरचे सीलिया म्युकससकट तो वर ढकलून देतात. काकांचे सीलिया सिगारेटने मंद झालेले आणि फ्लूने अस्तरच सोललेलं. इनेट इम्युनिटीची पहिली पायरी ही अशी यांत्रिक आहे. मुलं इथे फक्त ‘स्किन आणि म्युकस मेम्ब्रेन’ लिहून पुढे जातात. हीच पायरी ढासळली म्हणून काका आजारी पडले, एवढं एक वाक्य लिहिलंस तरी तपासणारा थांबून वाचेल.

जंतू वायुकोशात पोचला की तिथे आधीपासून बसलेला अल्व्हिओलर मॅक्रोफेज त्याला गाठतो. त्याला हा न्यूमोकोकस आहे हे कळत नाही, कुठला सिरोटाइप हे तर नाहीच. त्याच्या अंगावरचे टोल-लाइक रिसेप्टर, इथे मुख्यतः टीएलआर २, जंतूच्या भिंतीतले असे घटक ओळखतात जे माणसाच्या पेशीत नसतातच. इनेटला ‘नॉन-स्पेसिफिक’ म्हणतात, पण त्याचा अर्थ काहीच ओळखत नाही असा घेऊ नकोस. इनेट पेशी ठसा ओळखते, व्यक्ती नाही. रेल्वेतला टीसी विनातिकीट प्रवासी ओळखतो, त्याचं नाव-गाव त्याला ठाऊक नसतं, तसं. या रिसेप्टरांची जनुकं आईबापाकडून तयार मिळतात, प्रकार थोडेच असतात आणि जन्मापासून सज्ज असतात. म्हणून उत्तर तासाभरात सुरू होतं.

जंतू थोडे असते तर मॅक्रोफेजने तिथेच संपवले असते आणि काकांना पत्ताही लागला नसता. ते जास्त आहेत, वाढताहेत, आणि कॅप्सूलमुळे निसटताहेत. तेव्हा मॅक्रोफेज सायटोकाइन सोडतो. चार लक्षात ठेव: टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ आणि आयएल-८.

पहिला दिवस: काका थडथडतात

दात वाजवणारी थंडी, मग ताप १०३-१०४ फॅरनहाइट. टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला गाठतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं आणि शरीराचा ‘ठरलेला’ आकडाच वर सरकतो. रक्त अजून त्या आकड्याला पोचलेलं नसतं, म्हणून थंडी वाजते. वॉर्डात तू टीपीआर चार्टवर जी उभी चढण काढतेस, ती या सायटोकाइनची रेघ आहे.

आयएल-८ न्यूट्रोफिलना वाट दाखवतं. ते रक्तवाहिनीच्या भिंतीला आधी हलके चिकटत घरंगळतात, मग घट्ट धरतात, मग दोन पेशींच्या फटीतून बाहेर वायुकोशात उतरतात. या तीन पायऱ्यांची नावं रोलिंग, अॅडहिजन आणि डायापेडिसिस. वाहिन्या सैल झाल्याने पाणी, फायब्रिन आणि तांबड्या पेशीही बाहेर येतात. स्पंजासारखं हलकं फुप्फुस यकृतासारखं घट्ट होतं, आणि कफ गंजाच्या रंगाचा.

त्या संध्याकाळचा सीबीसी समजा असा: पांढऱ्या पेशी २२,०००, त्यातले न्यूट्रोफिल ८८ टक्के, सोबत काही बँड सेल. प्रौढांत ४,००० ते ११,००० ही साधारण मर्यादा धरतात. बँड म्हणजे अजून केंद्रकाच्या पाकळ्या न पडलेले न्यूट्रोफिल, मज्जेतून अर्धवट तयार बाहेर पाठवलेले. रिपोर्टवर ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहिलेलं दिसलं की इनेट इम्युनिटीची मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त झाली, असं वाचायचं.

सीआरपीही चढू लागतं. आयएल-६ यकृताला सांगतं, यकृत सीआरपी बनवतं. ६ ते ८ तासांत वाढ दिसते, दोनेक दिवसांत शिखर. नावातल्या ‘सी’चा अर्थ किती जणींना माहीत असतो? १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या सीरममध्ये एक प्रथिन सापडलं, जे न्यूमोकोकसच्या सी-पॉलिसॅकराइडला चिकटायचं. सी म्हणजे ते. आज गल्लीतल्या लॅबमध्ये होणारी ही तपासणी मुळात तुझ्या प्रश्नातल्या जंतूवरच सापडली.

मग जंतू मरत का नाही?

इथे थांबून सावकाश वाच. तुझ्या पेपरात साडेसात मार्क इथेच गेले.

न्यूट्रोफिल पोचले आहेत, लाखोंनी. कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली जंतूंवर बसणारी प्रथिनं, तीही पोचली आहेत. अल्टरनेटिव्ह मार्गाने सी३ फुटतं आणि सी३बी जंतूवर बसतं. सी३बी म्हणजे मूठ, न्यूट्रोफिलला जंतू धरायला दिलेली. पण इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, कॅप्सूल सी३बी बसूच कमी देते. दोन, जे बसतं ते बरंचसं आतल्या भिंतीवर, कॅप्सूलच्या खाली. न्यूट्रोफिलचे रिसेप्टर बाहेरून चाचपडतात, मूठ आत गाडलेली. तेल लावलेला पैलवान हाती लागत नाही म्हणतात ना, तसा हा जंतू. समोरचा अशक्त नाही, हातही दोन आहेत, पण पकड बसत नाही.

कॉम्प्लिमेंटचं दुसरं टोक म्हणजे मेम्ब्रेन अटॅक कॉम्प्लेक्स, तो जंतूला भोक पाडतो असं पुस्तकात सगळीकडे लिहिलेलं असतं. न्यूमोकोकस ग्रॅम पॉझिटिव्ह आहे. त्याची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते, भोक पाडणारं ते यंत्र आतल्या पडद्यापर्यंत पोचत नाही. ते चालतं मेनिंगोकोकससारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंवर. तेव्हा या उत्तरात ‘एमएसीमुळे जंतू फुटतो’ लिहिलंस तर मी लाल रेघ मारीन.

तर पहिल्या दिवसाचं चित्र असं: इनेट इम्युनिटी पूर्ण जोरात आहे, काकांचा त्रास बराचसा तिच्यामुळेच होतो आहे, आणि जंतू तरीही वाढतो आहे.

दुसरा ते सहावा दिवस: बाहेरून काहीच बदलत नाही

ताप तसाच, खोकला तसाच. नातेवाईक विचारतात, ताप अजून उतरत का नाही? आत मात्र दोन ठिकाणी काम चाललेलं असतं.

पहिलं ठिकाण छातीतल्या लिंफ नोड. डेंड्रिटिक सेल फुप्फुसातून जंतूचे तुकडे घेऊन तिथे जाते आणि टी सेलपुढे मांडते. ही पेशी स्वतः इनेटची, काम अडॅप्टिव्हला जागं करण्याचं. २०११ चं नोबेल या जोडीलाच मिळालं: बॉयटलर आणि हॉफमन यांना इनेटच्या रिसेप्टरांसाठी, स्टाइनमन यांना डेंड्रिटिक सेलसाठी. घोषणेच्या तीन दिवस आधीच स्टाइनमन गेले होते, समितीला ते नंतर कळलं.

टी सेल आणि बी सेलच्या रिसेप्टरांची जनुकं वारशाने जशीच्या तशी येत नाहीत. पेशी तुकडे पिसून जोडते, त्यामुळे प्रत्येक पेशीचा रिसेप्टर वेगळा. एखाद्या ठरावीक प्रतिजनाला जुळणारी टी सेल लाखात एखादी. ती सापडायला वेळ लागतो, मग ती दुप्पट, चौपट, आठपट होत कामाला पुरेल इतकी व्हायला आणखी काही दिवस. ‘अडॅप्टिव्ह स्लो असतं’ हे पाठ करण्यापेक्षा ‘जुळणारी पेशी दुर्मिळ असते, आधी तिची वाढ व्हावी लागते’ हे लिही. कारण आलं की मार्क येतो.

आता अडचण अशी की टी सेलला दाखवता येतात ते प्रथिनांचे तुकडे. कॅप्सूल साखरेची. तुकडे मांडायचं जे प्रथिन पेशीवर असतं, त्या एमएचसीच्या खोबणीत ती बसत नाही, म्हणून टी सेलला ती दिसतच नाही. आणि नेमकी तीच धरायची आहे.

म्हणून दुसरं ठिकाण महत्त्वाचं: प्लीहा. तिच्या मार्जिनल झोनमधल्या बी सेल रक्तातून वाहत आलेली कॅप्सूल थेट पकडतात. पॉलिसॅकराइडच्या साखळीवर एकच रचना पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे एका बी सेलचे कितीतरी रिसेप्टर एकदम ओढले जातात आणि टी सेलच्या मदतीविना तिला अँटिबॉडी बनवायचा हुकूम मिळतो. याला टी-इंडिपेंडंट रिस्पॉन्स म्हणतात. हे लवकर होतं, पण त्याची किंमत आहे. आधी मुख्यतः आयजीएम बनतं, क्लास स्विचिंग, म्हणजे आयजीएमवरून आयजीजीसारख्या प्रकाराकडे वळणं, मर्यादित, मेमरी कच्ची. आणि दोन वर्षांखालच्या बाळांत हा मार्ग नीट चालतच नाही.

एक गोष्ट मी सोपी करून सांगते आहे, ती कबूल करते. साठीच्या माणसाने आयुष्यात बरेच सिरोटाइप नाकात बाळगलेले असतात, त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी पहिल्याच दिवशी रक्तात असू शकते. आपल्या काकांना हा सिरोटाइप नवा आहे असं मी धरलं.

सातवा दिवस

जुन्या डॉक्टरांच्या पुस्तकांत याला ‘क्रायसिस’ म्हणत. आजार सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा सातव्याच्या आसपास, रुग्ण एकतर दगावायचा किंवा काही तासांत ताप झरझर उतरायचा, अंगाला दरदरून घाम, आणि थकून गाढ झोप. त्या सुमारास रक्तात कॅप्सूलविरुद्ध अँटिबॉडी पुरेशी झालेली असते.

अँटिबॉडी जंतूला मारत नाही. ती कॅप्सूलच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसते. आयजीएम कॉम्प्लिमेंटचा क्लासिकल मार्ग चालू करतं आणि सी३बी आता आत न गाडता बाहेर, हाताला लागेल असं जमतं. आयजीजी आलं की त्याची शेपटी, म्हणजे एफसी भाग, न्यूट्रोफिलचा रिसेप्टर थेट धरतो. याला ऑप्सोनायझेशन म्हणतात. कुस्तीच्या आखाड्यात निसटणाऱ्या पैलवानाच्या अंगावर मूठभर तांबडी माती टाकतात, का? पकड बसावी म्हणून. अँटिबॉडी म्हणजे ती माती. कुस्ती मातीने जिंकत नाही, पैलवानच जिंकतो, पण मातीशिवाय हात घसरत राहतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. कॅप्सूल असलेल्या जंतूवर त्याच सिरोटाइपचं अँटिसीरम टाकलं की ती रिकामी कड अचानक ठळक, फुगल्यासारखी दिसते. नॉयफेल्डने १९०२ मध्ये हे टिपलं, क्वेलुंग रिअॅक्शन असं नाव आहे. दुसऱ्या सिरोटाइपचं सीरम टाकलं तर काहीच होत नाही. ‘स्पेसिफिसिटी’ या शब्दाचा अर्थ मला पाठांतराने नाही, पहिल्यांदा ही कड उमटताना बघून कळला.

हे खरं कशावरून?

एका बाजूला अँटिबॉडी काढून टाकून बघ. १९५२ मध्ये ब्रुटन नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाची नोंद केली. त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोकोकसची गंभीर इन्फेक्शन होत आणि सीरममध्ये गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नव्हतंच. गॅमा ग्लोब्युलिन बाहेरून दिल्यावर ती थांबली. एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया तो हा. अशी बाळं पहिले काही महिने ठणठणीत असतात, कारण आईचं आयजीजी नाळेतून आलेलं असतं. ते संपलं की आजार सुरू होतात.

आता उलटं. केमोथेरपीवरचा रुग्ण, न्यूट्रोफिलची संख्या ५०० च्या खाली. अँटिबॉडी रक्तात आहे, पण धरणारा हातच नाही. त्यालाही बॅक्टेरियल सेप्सिस होतो, आणि पू जमत नाही, कारण पू म्हणजे मेलेले न्यूट्रोफिल. म्हणून अशा वॉर्डात फक्त तापावरच धावपळ करावी लागते. बाकीच्या खुणा उमटायला पेशीच नसतात.

लहान बाळांचं काय

दोन वर्षांखालच्या बाळाला नुसती कॅप्सूलची लस दिली तर उपयोग होत नाही, कारण वर सांगितलं. कॉन्जुगेट लसीत कॅप्सूलची साखर एका प्रथिनाला जोडतात. साखर ओळखणारी बी सेल ती साखर धरते, सोबत प्रथिनही गिळते आणि त्याचे तुकडे टी सेलला दाखवते. टी सेलला साखर कधी दिसतच नाही. ती प्रथिन ओळखते आणि मदत मात्र साखरेविरुद्धच्या बी सेलला मिळते. क्लास स्विचिंग होतं, मेमरी बनते, बाळातही. पीसीव्ही ती हीच. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांचा बूस्टर. कम्युनिटी पोस्टिंगला तू कार्डावर ही खूण करशील, तेव्हा आतलं कारण आठव.

ट्रेनसाठी

ऐरोली ते ठाणे म्हणजे मधे दिघा गाव आलं की संपलं. तेवढ्यात वाचून होतील इतक्याच ओळी.

तासांत: सीलिया अपुरे, जंतू वायुकोशात, मॅक्रोफेज, टीएलआर २, सायटोकाइन.
पहिला दिवस: थंडी-ताप, न्यूट्रोफिल, लेफ्ट शिफ्ट, सीआरपी, सी३बी कॅप्सूलखाली गाडलेलं, पकड नाही, ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणून एमएसी निरुपयोगी.
२ ते ६: प्रथिनांसाठी डेंड्रिटिक सेल ते टी सेल; साखरेसाठी प्लीहेच्या बी सेल, टी सेलविना; जुळणाऱ्या पेशींची वाढ.
सातवा: अँटिबॉडी कॅप्सूलवर, सी३बी बाहेर, ऑप्सोनायझेशन, तोच न्यूट्रोफिल आता गिळतो.

या उत्तरात सायटोटॉक्सिक टी सेलला आणू नकोस. त्या विषाणूने पछाडलेल्या किंवा जंतू आत लपलेल्या पेशी मारतात. न्यूमोकोकस मुख्यतः पेशीबाहेर वाढतो. आणि ‘इनेटला मेमरी नसते’ असं लिहायचं असेल तर ‘प्रतिजनाला धरून ठेवणारी मेमरी नसते’ असं लिही. बीसीजीनंतर मोनोसाइट काही महिने जास्त तापट राहतात हे आता माहीत आहे, त्यामुळे मोघम वाक्य जरा धोक्याचं.

वॉर्डात मात्र तुला सातवा दिवस दिसणार नाही. आजच्या काकांना पहिल्याच दिवशी सेफ्ट्रिअॅक्सोनसारखं अँटिबायोटिक लागतं, जंतूची संख्या औषधच खाली आणतं आणि बहुतेकांचा ताप अँटिबॉडी पुरेशी होण्याआधीच उतरतो. म्हणून प्रश्नात ‘उपचार न केलेला’ असं लिहिलं आहे का ते बघ. नसेल तर पहिल्या ओळीत तूच तसं गृहीत धरल्याचं सांग.

तोंडी परीक्षेला यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. अपघातात प्लीहा काढलेला तरुण, ताप येऊन काही तासच झाले आहेत, आणि तो म्हणतो, साधाच ताप आहे, उद्या बघू. तू काय करशील? त्याचे न्यूट्रोफिल ठीक आहेत, टी सेल ठीक आहेत. पण रक्तातून जंतू गाळणारी चाळणी गेली आणि साखरेविरुद्ध पहिली अँटिबॉडी बनवणाऱ्या मार्जिनल झोनच्या बी सेलही तिच्यासोबत गेल्या. दुसरा ते सहावा दिवस यातलं जे काम तुझ्या काकांच्या पोटात डाव्या बरगडीखाली चाललं होतं, ते याच्यात जवळजवळ होणारच नाही, आणि न्यूमोकोकस सातव्या दिवसाची वाट बघत नाही. असा रुग्ण एका-दोन दिवसांत जाऊ शकतो. म्हणून ‘उद्या’ नाही, आत्ता, कॅज्युअल्टीत, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे की प्लीहा काढलेली आहे.

— तुझी, मॅडम